दसऱ्याला लॉज भरलं, त्यात वेबसाईटचं काय?

नांदेड-लातूरकडच्या छोट्या वेब एजन्सींच्या साईट्स उघडा आणि ‘आमचं काम’ या पानावर जा. बहुतेक ठिकाणी एकच दृश्य दिसतं. लॅपटॉपच्या चौकटीत बसवलेला स्क्रीनशॉट, खाली क्लायंटचं नाव आणि ‘लाइव्ह साईट बघा’ असं बटण. असे बारा-पंधरा डबे ओळीनं मांडलेले असतात. नवीन गिऱ्हाईक ते पान खाली सरकवतं, दोन डबे उघडून बघतं आणि फोन करून विचारतं, ‘‘अशी वेबसाईट करायला किती घेता?’’ त्यानं दुसरं काय विचारावं? तुम्ही त्याला चित्रं दाखवलीत, त्यानं चित्राचा भाव विचारला.

म्हणून आपण केस स्टडीकडे वळतो. अडचण काय होती, काम कसं केलं, निकाल काय लागला, असे तीन भाग. व्हिडिओत मी हे तीन भाग सांगितलेच आहेत. इथं मला त्यातल्या तिसऱ्या भागाबद्दल जरा कडक बोलायचंय. आपल्याकडच्या केस स्टडीत निकालाचा भाग सगळ्यात जोरात लिहिलेला असतो आणि तोच सगळ्यात कच्चा असतो. कारण आपल्या भागातले बहुतेक धंदे हंगामावर चालतात. लातूरचे क्लासेस दहावीच्या निकालावर, नांदेडची लॉजेस दसरा-दिवाळी-होळीवर. हंगामात जे वाढतं ते वेबसाईटमुळे वाढलं असं आपण लिहून मोकळे होतो, आणि वाचणारा मालक त्याच बाजारातला असल्यामुळे त्याला ते लगेच कळतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा तुमची एजन्सी लातूरची आहे, दोघाजणांची. काम मिळालं नांदेडचं, गुरुद्वारा परिसरातल्या २२ खोल्यांच्या लॉजचं. लॉज आणि त्याचे आकडे मी समजावण्यासाठी धरलेत, पण सणांच्या आणि नियमांच्या तारखा खऱ्या आहेत. लॉजची आधी वेबसाईट नव्हती. नकाशावर ठिकाण आणि फोन नंबर एवढंच होतं. पाहुणे मुख्यतः पंजाब, हरियाणा, दिल्लीकडचे, हजूर साहिबच्या दर्शनाला येणारे. बरेच जण अमृतसरहून सुटणाऱ्या सचखंड एक्सप्रेसनं उतरतात.

आता अडचणीचा भाग. शंभरातल्या नव्वद केस स्टडीत इथं एकच वाक्य असतं, ‘क्लायंटला आधुनिक आणि युजर फ्रेंडली वेबसाईट हवी होती.’ ही क्लायंटची अडचण नव्हे, ही तुमच्या कोटेशनची पहिली ओळ आहे. अडचण काउंटरवर सापडते. कामाची पहिली कवडी घेण्याआधी मॅनेजरला एक वही द्या आणि एक आठवडा प्रत्येक फोनपुढे रेघ मारायला सांगा. वहीत रकाने चार-पाचच ठेवा. भाडं किती, गुरुद्वारे से कितना दूर है, गाडी लावायला जागा आहे का, लिफ्ट आहे का, आणि इतर. म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन येणारे लिफ्टचं हटकून विचारतात. हे तुम्हाला लातूरच्या ऑफिसात बसून सुचणार नाही.

समजा आठवड्यात ९४ फोन आले आणि त्यातल्या ५८ फोनमध्ये फक्त याच चार गोष्टी विचारल्या गेल्या. मग अडचणीचा परिच्छेद आपोआप लिहून होतो:

‘काउंटरवर एकच माणूस असतो. जुलैतल्या एका आठवड्यात आलेल्या ९४ फोनपैकी ५८ फोन भाडं, अंतर, पार्किंग आणि लिफ्ट एवढ्याच माहितीसाठी होते. समोर पाहुणा उभा असताना हे फोन घ्यावे लागत. त्यात काही सुटत, आणि सुटलेला माणूस पुढच्या लॉजला फोन करी.’

हे वाचून नांदेडचाच काय, तुळजापूरचा लॉजवालासुद्धा म्हणेल, अरे, हे तर आपलंच आहे. त्याला युजर फ्रेंडली म्हणजे काय हे समजावत बसावं लागत नाही. आणि आणखी एक फायदा होतो, जो पुढे निकालात कामाला येणार आहे. तुमच्याकडे ‘आधी’चा एक आकडा जमा झाला. साईट झाल्यावर तो परत मिळत नाही. लॉजचं पाहुण्यांचं रजिस्टर वर्षानुवर्षाचं असतं, पण त्यात माणूस कुठून आला आणि कधी आला एवढंच असतं. त्याला हे लॉज कसं कळलं, ते त्यात कुणी लिहीत नाही.

कामाचा भाग मी थोडक्यात लिहायला सांगतो, पण थोडक्यात म्हणजे ‘आधी वायरफ्रेम, मग डिझाइन, मग डेव्हलपमेंट, मग टेस्टिंग’ असं नव्हे. ते सगळेच करतात. त्या क्रमात तुमची एजन्सी दिसत नाही. तुम्ही कुठं अडलात आणि काय ठरवलंत, ते लिहा. या लॉजच्या कामात असे तीन प्रसंग येतील.

पहिला भाड्याचा. मालक म्हणणार, ‘‘रेट टाकू नका दादा. आपण टाकला की शेजारचा दोनशेनं कमी करतंय.’’ त्याचं चूक नाही. पण फोनवरचा पहिला प्रश्न भाड्याचाच आहे, तो साईटवर नसेल तर फोन कमी होणार कसे? मग मधला मार्ग निघतो. साध्या दिवसांची ‘इथपासून इथपर्यंत’ अशी पट्टी साईटवर टाकायची आणि सणाच्या दिवसांचं भाडं फोनवर. हा मार्ग कसा निघाला, मालकाची भीती काय होती, हे केस स्टडीत चार वाक्यांत लिहिलं की पुढच्या मालकाला कळतं की हे लोक ऐकून घेतात आणि गरज पडली तर वादही घालतात.

दुसरा भाषेचा. साईट इंग्रजीत करणं सगळ्यात सोपं. पण फोनवर लोक बोलतात हिंदी आणि पंजाबी. म्हणून मुख्य पान हिंदीत, दुसरं गुरुमुखीत, आणि गुरुमुखी मजकूर छापण्याआधी ती लिपी रोज वाचणाऱ्या दोघांकडून तपासून घेतलेला. ही तपासणी केली असेल तर जरूर लिहा. केली नसेल तर गुरुमुखी पानाचा गाजावाजा करू नका, कारण पंजाबातला माणूस पहिल्याच ओळीत चूक पकडतो.

तिसरा प्रसंग तुम्ही ‘नाही’ म्हणाल्याचा. मालकाला ऑनलाइन बुकिंग आणि पेमेंट हवं होतं. पण त्याच्या २२ खोल्यांपैकी बऱ्याच खोल्या स्टेशनवरून थेट येणाऱ्यांना जातात आणि नोंद होते कागदावर. साईटवर खोली रिकामी दिसणार, पैसे भरले जाणार आणि पाहुणा दारात आल्यावर खोली दुसऱ्याला दिलेली असणार. म्हणून तुम्ही बुकिंग टाळलं आणि फक्त व्हॉट्सॲपवर विचारणा ठेवली. वाढीव काम तुम्हीच नाकारलंत, हे वाचून येणाऱ्या गिऱ्हाइकाचा जो विश्वास बसतो तो दहा स्क्रीनशॉटनं बसत नाही. वर्डप्रेसवर केलं की हातानं कोड लिहिला, हे शेवटी एका ओळीत आलं तरी पुरे.

आता निकाल.

समजा साईट ऑगस्ट २०२५ च्या पहिल्या आठवड्यात सुरू झाली. ऑक्टोबर गेला आणि तुम्ही लिहायला बसलात. मोह कशाचा होईल? ‘साईट सुरू झाल्यापासून दोन महिन्यांत लॉज फुल्ल!’ हे खरं असेलही. पण दसरा होता. दसऱ्याला गुरुद्वारा परिसरात खोली मिळणं कधी सोपं असतं? मालक स्वतःच म्हणेल, ‘‘माझं लॉज दसऱ्याला दरवर्षी भरलेलंच असतंय, तुमच्या साईटनं काय केलं त्यात?’’

बरं, मग आपण शहाणे होऊन म्हणतो की मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करू. सप्टेंबर २०२४ विरुद्ध सप्टेंबर २०२५. इथं दुसरा खड्डा आहे. २०२४ मध्ये दसरा १२ ऑक्टोबरला होता, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. म्हणजे नवरात्रातली गर्दी २०२५ मध्ये बरीचशी सप्टेंबरातच आली. सप्टेंबरशी सप्टेंबर लावलात तर वाढ दिसणारच, आणि ती पंचांगानं दिलेली असेल. दिवाळीचंही तसंच, एका वर्षी ऑक्टोबरच्या अगदी शेवटी तर पुढच्या वर्षी २० तारखेच्या आसपास. त्यामुळे महिन्याशी महिना लावायचाच नाही. दसऱ्याच्या आधीचे २८ दिवस या वर्षीचे आणि तेच २८ दिवस मागच्या वर्षीचे, अशी तुलना करायची.

तरी संपत नाही. विचारणा कधी येते ते गाडीच्या आरक्षणावर असतं, कारण लांबून येणारा आधी तिकीट काढतो आणि मग खोली बघतो. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आधी १२० दिवस उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. म्हणजे २०२४ च्या दसऱ्याची तिकिटं जूनच्या मध्यापासून निघत होती आणि २०२५ च्या दसऱ्याची ऑगस्टच्या सुरुवातीपासून. नेमकी तुमची साईट सुरू झाली तेव्हा! ऑगस्टमध्ये विचारणा वाढलेली दिसली तर त्यात किती वाटा साईटचा आणि किती रेल्वेच्या नियमाचा, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. केस स्टडीत हा नियम एका वाक्यात नोंदवा. वाचणारा लॉजवाला मान डोलावेल, कारण त्यानं तो बदल आपल्या फोनवर अनुभवलेला आहे.

मग लिहायचं तरी काय? माझं म्हणणं असं की हंगामानं फारसा न हलणारा आकडा शोधा. एकूण फोन हंगामानं हलतात. पण शंभर फोनमध्ये किती जण फक्त भाडं आणि अंतर विचारतात, हे प्रमाण तितकं हलत नाही. गर्दी असो नसो, ज्याला माहिती नाही तो तेच विचारणार. म्हणून नोव्हेंबरमध्ये, सण संपल्यावर, मॅनेजरकडून तीच वही पुन्हा एक आठवडा भरून घ्या. रकाने तेच, माणूस तोच. समजा या वेळी ८८ फोन आले आणि त्यात ते चार प्रश्न ३१ फोनमध्ये होते. ९४ पैकी ५८ होते, ते ८८ पैकी ३१ झाले. दिसायला मोठा आकडा नाही. पण हा तुमच्या कामाला थेट चिकटलेला आहे, कारण साईटवर तुम्ही त्याच चार प्रश्नांची उत्तरं टाकली होती. अडचण ज्या मापानं सांगितली त्याच मापानं निकाल सांगितला, की केस स्टडी उभी राहते. अडचणीत फोन आणि निकालात ‘फेसबुक लाइक्स वाढले’ असं असेल तर मधे काहीतरी निसटलंय.

यातही एक चोरवाट आहे. नोव्हेंबरच्या आठवड्यात जुनेच पाहुणे जास्त आले असतील तर प्रश्न आपोआप कमी होतात. म्हणून वहीत ‘आधी राहून गेलेले’ असा एक बारीक रकाना सुरुवातीपासूनच ठेवा आणि त्यांना दोन्ही आठवड्यांतून वगळा.

दुसरा आकडा साईटवरून आलेल्या विचारणांचा. त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. साईटवरच्या व्हॉट्सॲप बटणातच आधी लिहिलेला मजकूर टाका, म्हणजे तिथून येणारा प्रत्येक मेसेज ओळखू येतो:

```html
<a href="https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Website%3A%20room%20chahiye">WhatsApp</a>
```

मेसेज ‘Website: room chahiye’ असा आला की मॅनेजर खोली देताना रजिस्टरमध्ये कोपऱ्यात ‘वे’ लिहितो. काही लोक तो मजकूर पुसून स्वतःचं लिहितात, काही नंबर बघून सरळ फोन लावतात, त्यामुळे हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमीच येतो. कमी आलेला चालतो. समजा दसऱ्याआधीच्या २८ दिवसांत असे ६१ मेसेज आले आणि त्यातून १७ खोल्या गेल्या. मग निकालाचा परिच्छेद असा होईल:

‘नोव्हेंबरमध्ये पुन्हा एक आठवडा नोंद ठेवली. नवीन पाहुण्यांच्या ८८ फोनपैकी ३१ फोन त्या चार प्रश्नांचे होते, जुलैत ते ९४ पैकी ५८ होते. दसऱ्याआधीच्या २८ दिवसांत साईटवरून ६१ विचारणा आल्या, त्यांपैकी १७ जणांनी खोली घेतली. लॉज दसऱ्याला दरवर्षी भरतं, त्यामुळे एकूण धंदा साईटमुळे वाढला असा आमचा दावा नाही. याच काळात नकाशावरचे फोटोही नवीन टाकले होते आणि रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० वरून ६० दिवसांवर आलं होतं.’

तुम्ही म्हणाल, सर, असं लिहिलं तर आपलीच हवा जाते. मला तसं वाटत नाही. ‘दावा नाही’ हे वाक्य वाचल्यावर वरच्या ६१ आणि १७ वर विश्वास बसतो. बाकीच्या डब्यांमध्ये सगळीकडे ‘धंदा तिप्पट’ लिहिलेलं असताना हा एकच परिच्छेद वेगळा दिसतो. आणि उद्या समोरच्या मालकानं त्या लॉजवाल्याला फोन करून खातरजमा केलीच (आपल्याकडे करतातच, नांदेड काही मुंबई नाही), तर तो यातलं एकही वाक्य नाकारू शकत नाही.

इथं टक्केवारीबद्दल बोलायलाच हवं. रेडबस या बस तिकिटांच्या कंपनीची एक केस स्टडी गूगलच्या वेब डेव्हलपर साईटवर आहे. बटण दाबल्यावर पान किती लवकर प्रतिसाद देतं, ते माप त्यांनी सुधारलं आणि विक्री ७ टक्क्यांनी वाढली असं शीर्षकातच लिहिलंय. शीर्षक उत्तम आहे. एक बदल, एक आकडा. पण फक्त ७ टक्के म्हणून ते अभिमानानं सांगू शकतात, कारण त्यांच्याकडे रोज येणारी माणसंच प्रचंड आहेत. आपल्या क्लायंटकडे आठवड्याला ४ विचारणा यायच्या आणि १० यायला लागल्या तर ते १५० टक्के होतात. खरे आहेत, पण फसवे आहेत, कारण पुढच्या आठवड्यात ५ आल्या की सगळं खाली. माझा साधा नियम आहे. दोन्ही आकडे शंभराच्या खाली असतील तर टक्के लिहायचेच नाहीत, ‘इतक्यांपैकी इतके’ असं लिहायचं.

वेगाच्या गुणांचंही तसंच. ‘पेजस्पीड ९८’ चा हिरवा गोल खूप जण निकालात चिकटवतात. तो बहुतेक वेळा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा गुण असतो. गूगलच्या मशीनवर एका ठरावीक मोबाइलची नक्कल करून काढलेला, आणि पाच मिनिटांनी पुन्हा चालवलात तर दोन-चार गुणांनी वेगळा येणारा. खऱ्या माणसांच्या फोनवरची २८ दिवसांची नोंद त्याच पानावर वर दिसते, पण त्यासाठी साईटवर पुरेशी वर्दळ लागते. छोट्या लॉजच्या साईटला तिथं ‘डेटा नाही’ असंच येतं. गुण टाकायचाच असेल तर कामाच्या भागात टाका, तारखेसह. निकाल म्हणजे क्लायंटच्या धंद्यात काय हललं ते.

लातूरकडे येऊ, कारण इथल्या एजन्सींचा पहिला क्लायंट बहुधा क्लासवालाच असतो. हंगामाची गोम इथं आणखी तीव्र आहे. दहावीचा निकाल २०२४ मध्ये २७ मे रोजी लागला, २०२५ मध्ये १३ मे रोजी. चौदा दिवसांचा फरक. तुम्ही मार्चमध्ये क्लासची नवीन साईट दिलीत आणि ‘मे महिन्यात चौकशी दुप्पट’ असं लिहिलंत, तर २०२५ च्या मेमध्ये निकालानंतरचे १८ दिवस होते आणि २०२४ च्या मेमध्ये जेमतेम चार. वरून २०२५ मध्ये अकरावीचा प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीनं झाला. लातूर-नांदेडच्या पालकांना ते नवीन होतं, त्यामुळे ते इंटरनेटवर कशाकशाची चौकशी करत होते कोण जाणे. नीटचं बोलायचं तर २०२४ चा निकाल ४ जूनला आणि २०२५ चा १४ जूनला, म्हणजे बरोबर उलट्या दिशेनं सरकलेला. म्हणून क्लासच्या केस स्टडीत ‘दहावीच्या निकालाच्या दिवसापासून पुढचे २१ दिवस’ असंच मोजा, दोन्ही वर्षांचं.

क्लासची जुनी साईट असेल तर काम हातात घेतल्याच्या पहिल्याच दिवशी ती गूगल सर्च कन्सोलला जोडून घ्या. जोडल्यानंतरचाच हिशोब तिथं जमतो, मागचा मिळत नाही. आणि जमलेलाही १६ महिनेच राहतो, म्हणून हंगाम संपला की फाइल उतरवून ठेवा. जुन्या पानाचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्या. विसरलात तर `web.archive.org` वर सापडण्याची शक्यता असते, पण छोट्या साईट्स तिथं दरवेळी सापडतातच असं नाही.

आता एक गोष्ट जिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. क्लासच्या होमपेजवर काय असतं? टॉपर्सचे फोटो, नावं आणि गुण. त्या पानाचा स्क्रीनशॉट तुम्ही तुमच्या पोर्टफोलिओत लावता, म्हणजे ती मुलं आता तुमच्याही जाहिरातीत आली. कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव किंवा फोटो वापरायचा तर निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती हवी, असं त्यात आहे. ही संमती क्लासनं घेतलेली असेल, पण ती क्लासच्या जाहिरातीसाठी. तुम्ही तर कुणाचीच घेतलेली नाही. चेहरे आणि नावं धूसर करा, पाच मिनिटांचं काम आहे. तसंच क्लासनं साईटवर ‘शंभर टक्के निकाल’ लिहिलं असेल, तर ते तुमच्या केस स्टडीच्या निकालात ओढून आणू नका. तो निकाल मुलांचा आणि शिक्षकांचा आहे.

राहिली परवानगी. ती काम संपल्यावर मागायला गेलात की क्लायंट गडबडतो. शेवटचा हप्ता बाकी असेल तर दोन्ही बाजूंना अवघड वाटतं. कोटेशनमध्येच एक ओळ टाका, की काम संपल्यावर तीन महिन्यांनी आम्ही या कामाची माहिती आमच्या साईटवर लिहू, मजकूर तुम्हाला आधी दाखवू, आणि तुम्ही नको म्हणाल तो आकडा काढू. लॉजवाला किती खोल्या गेल्या ते सांगू देईल, किती रुपये आले ते सांगू देणार नाही, आणि ते बरोबरच आहे. खोल्यांचा आकडाही नको म्हणाला तर फोनच्या प्रश्नांचं प्रमाण तरी ठेवा, त्यात त्याचं कुठलंच गुपित उघडं पडत नाही.

काही जण म्हणतात, नाव न टाकता लिहू. लिहा, पण ‘गुरुद्वाऱ्याच्या अमुक गेटसमोरचं, लिफ्ट असलेलं २२ खोल्यांचं लॉज’ असं लिहिलंत तर नांदेडात नाव टाकल्यासारखंच आहे. खोल्यांचा आकडा ‘पंचवीसच्या आत’ करा, गेट काढून टाका. आणि शेजारच्या लॉजवाल्याचं वाक्य, जे मालकानं चहा पिताना सांगितलं होतं, ते कितीही मजेदार असलं तरी त्याला विचारल्याशिवाय छापू नका.

आणि निकाल लागलाच नाही तर? होतं असंही. साईट चांगली झाली, पण मॅनेजर बदलला, नवीन माणसानं वही भरलीच नाही, ‘वे’ लिहायचं राहिलं. मग निकालाच्या जागी ‘क्लायंट अत्यंत समाधानी आहे’ असं भरू नका. अडचण लिहा, काम लिहा, आणि शेवटी एक ओळ: ‘नोंदी नोव्हेंबरपासून सुरू आहेत, होळीनंतर आकडे इथं टाकू.’ मग होळीनंतर खरंच नांदेडला फोन करा, आणि टाका.